निवळ अळणी कशी करावी?

घरात कोणी तापातून उठला, की आपण कोंबडी शिजवून तिचे पाणी त्याला पाजतो. या पाण्याला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी अळणी म्हणतात. अळणी म्हणजे बिनमसाल्याची, बिनतिखटाची. एका घरची अळणी काचेसारखी निवळ असते. दुसऱ्या घरची धुणे धुतलेल्या पाण्यासारखी गढूळ असते, आणि वर तेलकट लागते. आजारी माणूस एक घोट घेतो आणि वाटी बाजूला सारतो. कोंबडी तीच, पाणी तेच. मग फरक कशाने पडतो? फरक पडतो जाळाने.

आम्ही हे करून पाहिले. एक किलो गावरान कोंबडी घेतली. हाडांसकट तिचे दोन सारखे वाटे केले. रक्ताच्या गाठी काढल्या. दोन पातेल्यांत एकेक वाटा घातला, आणि प्रत्येकात दीड लिटर गार पाणी ओतले. मीठ, हळद काही घातले नाही. दोन्ही पातेली चुलीवर ठेवली.

पाणी तापू लागले तसा वर करडा फेस आला. हा फेस म्हणजे काय? अंडे उकडले की त्यातले पांढरे पाणी घट्ट होते, हे आपण रोज बघतो. कोंबडीच्या मांसातही तसलाच अंश असतो. तो पाण्यात उतरतो, तापला की गोठतो आणि वर येतो. पाणी गार असताना सुरुवात केली, तर हा अंश सावकाश बाहेर येतो आणि त्याचे मोठे पुंजके होतात. ते पळीने सहज निघतात. एकदम कढत पाण्यात मांस टाकले, तर त्याचा बारीक चुरा होतो. तो पळीत सापडत नाही.

पहिल्या पातेल्याखाली आम्ही मोठा जाळ ठेवला. पाणी खळखळ उकळू लागले. बघता बघता फेस दिसेनासा झाला. पण तो गेला नव्हता. उकळीने त्याचे बारीक तुकडे करून पाण्यातच मिसळले होते. कोंबडीच्या चरबीचेही तसेच झाले. खळखळत्या पाण्याने ती रवीने घुसळल्यासारखी फोडली. तिचे बारीक थेंब पाण्यात पसरले. अळणी पांढुरकी आणि जड झाली.

दुसऱ्या पातेल्याखालची लाकडे आम्ही उकळी फुटण्याआधीच मागे ओढली. खाली थोडे निखारे राहू दिले. पाणी नुसते थरथरत होते. मधूनच कडेला एखादा बुडबुडा येई, इतकेच. हाच मंद जाळ. फेस वर येईल तसा पळीने कडेकडेने काढला. पहिली वीस मिनिटे हे काम नेटाने केले. मग फेस पांढरा झाला, आणि थोड्या वेळाने यायचा थांबला. तेव्हा कुठे एक कांदा, आल्याचा तुकडा आणि चार मिरे घातले. झाकण अर्धे ठेवले, कारण पुरते झाकले की पाणी आपोआप उकळू लागते. आणि एकदाही ढवळले नाही.

अडीच तासांनी स्वच्छ धुतलेल्या फडक्यातून अळणी गाळली. फडके पिळले नाही. पिळले की खालचा गाळ बाहेर येतो. मग वरचा तवंग पळीने काढला आणि शेवटी मीठ घातले. वाटीचा तळ दिसत होता.

पहिल्या पातेल्यातली अळणीही आम्ही दुहेरी फडक्यातून गाळली. थोडी सुधारली, पण निवळ झाली नाही. ती खराब नव्हती, म्हणून रश्श्यात वापरली.

मांस न खाणाऱ्यांना भाज्यांची अळणी करता येते. गाजर, कांदा, दुधी आणि कोथिंबिरीच्या काड्या घ्या. बटाटा घालू नका, तो विरघळून पाणी गढूळ करतो. इथे फेस थोडाच येतो, पण जाळ मंदच हवा. पाऊण तास पुरे. जास्त शिजवली तर भाज्या फुटतात.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. सगळा कस पाण्यात उतरला असे पुष्कळांना वाटते, म्हणून आजाऱ्याला नुसते पाणी देतात आणि मांस बाकीचे खातात. पण अंगाला बळ देणारा बराचसा भाग मांसातच राहतो. अळणीने घसा ओला होतो, तोंडाला चव येते, भूक लागते. भूक लागली की तेच मांस बारीक कुस्करून, मऊ भातात कालवून आजाऱ्याला द्या.

उरलेली अळणी उघडी ठेवू नका. पातेले गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववा. त्याच दिवशी संपवा, आणि पिण्याआधी मात्र खळखळ उकळा. आता थोडी गढूळ झाली तरी चालेल.