तुमच्याजवळचा 'तो' आणि लांबचा 'तो'

माद्रिदमधल्या एखाद्या फळबाजाराची कल्पना करा. गिऱ्हाइकाच्या हातात एक खरबूज आहे, दुसरं दुकानदाराच्या तराजूत आहे आणि तिसरं समोरच्या रांगेतल्या दुसऱ्याच दुकानात दिसतं आहे. खरबुजाला स्पॅनिशमध्ये 'मेलोन' म्हणतात. गिऱ्हाईक स्वतःच्या हातातल्याला 'एस्ते मेलोन' म्हणेल, दुकानदारापाशी असलेल्याला 'एसे मेलोन' आणि समोरच्या दुकानातल्याला 'आकेल मेलोन'. मराठी माणूस पहिल्याला 'हे खरबूज' म्हणेल आणि उरलेल्या दोन्हींना 'ते खरबूज'. दुकानदार घोटाळ्यात पडतोय असं दिसलं, की तो 'ते तुमच्याजवळचं नाही हो, ते पलीकडचं' अशी पुस्ती जोडेल.

आता दुकानदाराला बोलू द्या. तराजूतलं खरबूज त्याच्याजवळ असल्याने त्याच्या तोंडी ते 'एस्ते' होतं आणि गिऱ्हाइकाच्या हातातलं 'एसे'. या दोन शब्दांची जागा बोलणाऱ्याबरोबर बदलते. 'आकेल' मात्र दोघांसाठीही तिथेच राहतो, कारण समोरचं दुकान दोघांचंही नाही. ही अदलाबदल ध्यानात आली की निम्मं काम झालं. 'एस्ते' माझ्या बाजूचा, 'एसे' तुमच्या बाजूचा आणि 'आकेल' आपल्या दोघांच्या बाहेरचा.

पाठ्यपुस्तकं बहुधा जवळ, मध्यम आणि दूर अशी तीन अंतरं सांगतात. तेही खोटं नाही. दोघं एकाच बाकावर शेजारी बसून समोरची झाडं पाहत असतील तर 'माझ्याजवळ' आणि 'तुझ्याजवळ' हा भेदच उरत नाही. तेव्हा 'एसे' खरोखरच मधल्या झाडासाठी आणि 'आकेल' पार टोकाच्या झाडासाठी येतो. पण हे अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही. शेजारी कोणतंही दुसरं झाड नसेल तर बऱ्यापैकी लांबच्या झाडालाही लोक सहज 'एसे' म्हणतात. दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या असल्या किंवा दूरपणावर जोर द्यायचा असला, की 'आकेल'ची गरज खरी भासते.

स्थळवाचक शब्दांतही हीच तिहेरी वाटणी आहे. 'आकी' म्हणजे इथे, 'आई' म्हणजे तिथे, तुझ्यापाशी, आणि 'आयी' म्हणजे तिथे, आणखी कुठेतरी. (मधला शब्द लिहिताना 'ह'साठीचं अक्षर घालतात, पण ते उच्चारत नाहीत. मराठी कानाला त्यामुळे तो आपल्या 'आई'सारखाच ऐकू येतो.) फोनवर याचा उपयोग स्पष्ट दिसतो. पुण्यातून कोणी मेक्सिकोतल्या मित्राला स्पॅनिशमध्ये विचारलं, की तिकडे पाऊस आहे का, तर 'आई' हवं, कारण ती मित्राची जागा आहे. मग दोघं पेरूमधल्या तिसऱ्या मित्राबद्दल बोलू लागले, की पेरूसाठी 'आयी'. मराठीत दोन्हीकडे 'तिकडे'च. कोणतं तिकडे, हे आपण आधीच्या वाक्यावरून ओळखतो.

स्पॅनिशची ही घडी लॅटिनमधून आली, पण सरळ आली नाही. लॅटिनमध्ये 'हिक' माझ्याजवळचा, 'इस्ते' तुझ्याजवळचा आणि 'इल्ले' लांबचा होता. 'हिक' काळाच्या ओघात झिजून गेला. रिकाम्या जागेवर 'इस्ते' सरकला आणि तोच आजचा 'एस्ते', म्हणजे तुझा होता तो माझा झाला. मग तुझी जागा रिकामी पडली. ती 'इप्से'ने घेतली, ज्याचा मूळ अर्थ 'स्वतः' असा होता. त्यातून 'एसे' आला. 'इल्ले'ला पुढे 'तो' या सर्वनामाचं आणि नामाआधी येणाऱ्या 'एल' या उपपदाचं काम मिळालं, आणि लांबचं दाखवण्यासाठी त्याच्या आधी 'पाहा' अशा अर्थाचा जोड लागून 'आकेल' तयार झाला. शब्द बदलले, पण तीन कप्पे टिकले.

आपल्याकडे मूळ भांडवल याहून मोठं होतं. संस्कृत व्याकरणपरंपरा चार दर्शक सर्वनामं वेगळी करते: अगदी निकटचं 'एतद्', जवळचं 'इदम्', दूरचं 'अदस्' आणि डोळ्यांआडचं 'तद्'. मराठीचा 'तो' या 'तद्'चा वारस आहे. म्हणून त्याचं काम निव्वळ बोट दाखवण्याचं नाही. 'तो आला' म्हणताना माणूस समोर असायची गरज नसते, आणि 'जो येईल तो' यात तर कोणाकडेच बोट नसतं. दूरचं दाखवणं, गैरहजर माणसाचा उल्लेख आणि जो-तोची जोडी, अशी सगळी कामं या एकाच शब्दावर पडली. स्पॅनिशमध्ये 'तो आला'मधल्या 'तो'ला निराळा शब्द आहे. जो-तोच्या रचनेत मात्र 'आकेल' येतो आणि 'जे लोक' अशा अर्थी 'आकेयोस के' म्हणतात. तिथे तो मराठी 'ते'च्या अगदी जवळ येतो.

काळाचंही असंच. 'त्या काळी' म्हणजे फार पूर्वी, आता परत न येणाऱ्या दिवसांत, या अर्थी 'आकेल'च शोभतो. नुकत्याच बोलण्यात आलेल्या वर्षाला 'एसे' चालतो. लेखनात 'आकेल'चं आणखी एक काम आहे. सर्व्हान्तेस आणि लोपे दे वेगा अशी दोन नावं एका वाक्यात आली, तर पुढच्या वाक्यात 'एस्ते' म्हणजे जवळ उल्लेखलेला लोपे आणि 'आकेल' म्हणजे आधीचा सर्व्हान्तेस. 'आकेल'ने 1605 मध्ये 'दोन किखोते'चा पहिला भाग छापला आणि 'एस्ते' नाटकांसाठी गाजला, असं लिहिता येतं. मराठीत आपण 'पहिला' आणि 'दुसरा' म्हणून मोकळे होतो.

मराठी शिकणाऱ्याची हमखास चूक लिंगाच्या बाबतीत होते. हा-ही-हे असल्यामुळे आपल्याला वाटतं, 'एस्तो' हा आपला 'हे'. मग 'हे घर' याचं 'एस्तो कासा' होतं. ते चूक आहे. स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामं नाहीतच. घर स्त्रीलिंगी, म्हणून 'एस्ता कासा'. 'एस्तो', 'एसो' आणि 'आकेयो' नामाला कधीच चिकटत नाहीत. वस्तूचं नाव ठाऊक नसताना किंवा एखाद्या घडल्या प्रकाराबद्दल बोलताना ते एकटेच येतात. 'हे काय आहे?' याला 'के एस एस्तो?' बरोबर.

मेक्सिको आणि अर्जेंटिनामध्ये बोलताना अडखळलेला माणूस 'एस्तेऽऽ' असं लांबवतो. आपल्या 'ते हे... काय म्हणतात त्याला' याची आठवण व्हावी इतकं ते जवळचं आहे. त्यात दाखवायचं काहीच नसतं. नामामागे 'एसे' लावला, उदाहरणार्थ 'एल तिपो एसे', तर मात्र स्वर बहुधा तुच्छतेचा होतो, 'तो कोण तो माणूस' असा.

लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात 'आकेल' तुलनेने कमी ऐकू येतो आणि बऱ्याच ठिकाणी 'एसे'वर भागवलं जातं. म्हणून बोलायला सुरुवात करताना 'एस्ते' आणि 'एसे' पक्के करा. 'तो' म्हणायचं मनात आलं, की वस्तू ऐकणाऱ्याच्या बाजूला आहे का हे आधी पाहा. असेल तर 'एसे' नक्की. 'आकेल' आधी वाचनात ओळखा, वापरायला नंतर घ्या.