रात्री आठलाही सकाळचाच वेग

पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी सात ते दहा या वेळेत काय चालतं ते पाहा. आयटीतल्या मंडळींचे अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचे कॉल याच वेळी असतात, कारण न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात. दहावी-बारावीच्या मुलांचे ऑनलाइन क्लासही शाळा-कॉलेज आटोपल्यावर याच सुमारास भरतात. बाकीच्या घरांत मालिका, सिनेमे, क्रिकेट. ब्रॉडबँड कंपनीची खरी परीक्षा या तीन तासांत होते. म्हणून ‘क्लास आणि कॉलसाठी एकसारखा वेग’ असं आश्वासन देणारी टॅगलाइन लिहायची असेल, तर कॉपीरायटरने आधी या तीन तासांचा हिशोब मागावा, असं माझं ठाम मत आहे.

बहुतेक जाहिराती मोठा आकडा पुढे करतात: १०० एमबीपीएस, ३०० एमबीपीएस. पण चांगल्या दर्जाच्या एका व्हिडिओ कॉलला एमबीपीएस लागतात जेमतेम दोन ते चार. मग १०० च्या लाइनवर सरांचा चेहरा का गोठतो? सिनेमा पाहताना पुढच्या काही सेकंदांचं चित्र आधीच येऊन साठलेलं असतं. मध्ये क्षणभर लाइन मंदावली, तरी साठ्यावर निभावतं. कॉलमध्ये साठवायला काही नसतंच, कारण समोरचा माणूस पुढचं वाक्य अजून बोललेलाच नाही. आवाजाचा तुकडा पाव-अर्धा सेकंद उशिरा आला की तो निरुपयोगी ठरतो आणि शब्द गिळला जातो. शिवाय कॉलमध्ये आपलाही चेहरा पलीकडे जायचा असतो, म्हणजे अपलोडही तितकाच लागतो. जाहिरातीतला आकडा बहुधा डाउनलोडचा असतो.

आता कंपनीच्या बाजूने पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी फायबर पुरवणाऱ्या कंपनीचे १,००० ग्राहक आहेत आणि प्रत्येकाला १०० चा प्लॅन विकलाय. मोठ्या कंपनीकडून तिने घेतलेली लाइन आहे २,००० एमबीपीएसची. सगळ्यांनी एकदम वापरली तर वाट्याला येतील दोन-दोन. यात फसवणूक नाही, कारण सगळे एकदम पूर्ण वेगाने कधीच वापरत नाहीत आणि जगभर हा धंदा याच गृहीतावर चालतो. पण रात्री आठला निम्म्या घरांत एचडी सिनेमा लागला आणि प्रत्येकी पाच एमबीपीएस गेले, तर मागणी झाली २,५००. लाइन तुंबली. तुंबलेल्या लाइनवर पहिला बळी कॉलचा जातो. सिनेमावाल्याला चित्र थोडं धूसर दिसतं, त्याला कळतही नाही. हीच कंपनी लाइन ४,००० ची करील, तर तिच्या टॅगलाइनला आधार मिळेल. तोवर ‘एकसारखा वेग’ हे नुसते शब्द.

अशा कंपनीसाठी मी टॅगलाइन लिहायला बसलो, तर पहिल्या प्रयत्नात हमखास येईल ते ‘कधीच न थांबणारं इंटरनेट’. ऐकायला छान, पण रस्ता खोदणाऱ्या जेसीबीने फायबर तोडलं की त्याच दिवशी खोटं. ‘१०० एमबीपीएसपर्यंत वेग’ हे खोटं ठरत नाही, पण ‘पर्यंत’ म्हटल्यावर तीनसुद्धा त्यात बसतात आणि क्लासला बसलेल्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही. ब्रिटनमध्ये पूर्वी दहा टक्के ग्राहकांना मिळणारा वेगही ‘पर्यंत’ लावून छापता येत असे. मे २०१८ पासून तिथला नियम बदलला: रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा सरासरी वेगच जाहिरातीत लिहायचा. ‘घराच्या कानाकोपऱ्यात तोच वेग’ हेही मी खोडेन. कंपनीची जबाबदारी तिने बसवलेल्या डब्यापर्यंत असते. दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वायफाय किती पोचेल, ते भिंती आणि राउटर ठरवतात.

हे सगळं गाळल्यावर हाती राहील ते असं: ‘रात्री आठलाही सकाळचाच वेग.’ आणि खाली जोडओळ: ‘ताईचा क्लास, बाबांचा कॉल, एकाच वेळी.’ पहिल्या ओळीत आकडा नाही, पण घड्याळ आहे, आणि ते कुणालाही तपासता येतं. दुसरी ओळ सांगते की एका घरात दोन कॉल एकदम चालतील. म्हणजे दोन्ही बाजूंना आठ-दहा एमबीपीएस गर्दीच्या वेळीही हमखास हवेत. सेल्सच्या माणसाला यात ‘सुपरफास्ट’ नाही याची चुटपुट लागेल. लागू दे.

ही ओळ छापण्याआधी कंपनीने काही आठवडे सकाळी सात आणि रात्री आठ अशी दोन्ही वेळची मापं घ्यायला हवीत, तीही ऑफिसशेजारच्या गल्लीत नव्हे, तर सगळ्यात जास्त तक्रारी येतात त्या वस्तीत. समजा, बाकी गावात सकाळी ९६ आणि रात्री ९० मिळतात, पण स्टेशनपलीकडे रात्री ४० वर येतात. मग आधी तिथली लाइन वाढवायची. तोवर तिथे हा फलक लावायचा नाही. कारण आपल्याकडेही दाव्याला पुरावा लागतो. मुंबईतली एएससीआय ही जाहिरातींची स्वयंनियमन संस्था तो मागते आणि २०२२ पासून केंद्राची दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वंही लागू आहेत. त्यांतली एक अट मला विशेष आवडते: खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा. मराठीत ठळक वचन आणि तळाशी बारीक इंग्रजीत अटी, हे चालत नाही.

ग्राहकाला हे वचन घरबसल्या पारखता येतं. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, घरातले बाकी फोन वायफायवरून काढा आणि विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे लिहा:

```
ping -t 8.8.8.8
```

दर सेकंदाला एक ओळ येईल. तिच्यात `time=` पुढे मिलिसेकंद दिसतील. १२, १४, १३, १५ असे जवळजवळचे आकडे आले, तर लाइन शांत आहे. १४, १८, २४०, मध्येच `Request timed out`, पुन्हा १६, असं दिसलं, तर कॉल अडखळणारच, मग स्पीड टेस्ट ९५ का दाखवेना. थांबवायला Ctrl+C. हीच चाचणी सकाळी आणि रात्री आठला करा. सकाळी ठीक आणि रोज रात्री बिघडत असेल, तर दोष बहुतेक कंपनीच्या लाइनचा. केबलवर ठीक आणि वायफायवर वाईट असेल, तर राउटरची जागा बदला. घरातल्या एखाद्या फोनवर फोटोंचा बॅकअप सुरू झाला की आकडे उसळत असतील, तर तुमचा अपलोड तुंबतोय. तो बॅकअप रात्री बारानंतरवर टाका.

नवं कनेक्शन घेताना फलकावरच्या आकड्यावर जाऊ नका. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री आठला ही चाचणी पाच मिनिटं चालवून पाहा, अपलोड किती मिळेल ते कंपनीकडून लेखी घ्या, आणि पहिल्यांदा वर्षाचे नव्हे, एकाच महिन्याचे पैसे भरा.