गांज्याची झोप आणि हरवलेली स्वप्ने

टीएचसी हे गांज्यातले मुख्य नशा आणणारे द्रव्य. मेंदूतील सीबी-१ नावाच्या ग्राहींना ते चिकटते आणि पेशींमधले संदेश मंदावते. म्हणूनच रात्री गांजा ओढणाऱ्याला डोळा लवकर लागतो. सुरुवातीच्या दिवसांत गाढ झोपही थोडी वाढू शकते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते.

पण झोप एकसारखी नसते. साधारण दीड तासाचे एक आवर्तन, अशी चार-पाच आवर्तने रात्रभर चालतात. प्रत्येकाच्या शेवटी स्वप्ननिद्रा येते. तेव्हा मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळे भराभर हलतात आणि ठळक स्वप्ने पडतात. निरोगी प्रौढाच्या झोपेचा जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा या निद्रेचा असतो, आणि त्यातला बराचसा पहाटे येतो. भावनिक आठवणी मनात मुरवण्याच्या कामाशी तिचा संबंध जोडला जातो.

अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्वयंसेवकांना रोज ७० ते २१० मिलिग्रॅम टीएचसी दिले गेले. त्यांची स्वप्ननिद्रा घटली आणि बुबुळांची हालचाल त्याहूनही जास्त मंदावली. औषध थांबवताच दोन्ही मूळ पातळीच्याही वर गेल्या. ही मात्रा फार मोठी होती. कमी मात्रेत परिणाम इतका ठळक दिसत नाही.

खरी अडचण पुढच्या महिन्यांत येते. रोजच्या माऱ्यामुळे मेंदू सीबी-१ ग्राहींची संख्या कमी करतो. मग तेवढ्याच गांज्यात पूर्वीसारखी झोप येत नाही, गाढ झोपेचा सुरुवातीचा लाभ ओसरतो आणि मात्रा वाढवावी लागते.

समजा, सहा महिने रोज रात्री गांजा घेणाऱ्या एखाद्याने तो अचानक सोडला. पहिल्या एक-दोन रात्रींत झोप लागत नाही. लागली तर पहाटे विचित्र, भेदक स्वप्ने पडतात आणि तो घामाघूम होऊन उठतो. दडपलेली स्वप्ननिद्रा उसळून वर येत असते. त्याला मात्र वाटते, मूळचाच निद्रानाश परतला. आणि तिसऱ्या रात्री तो पुन्हा चिलीम भरतो. चकवा आहे तो इथेच. गांजा बंद केल्यानंतर त्रास सुरू झाला, स्वप्ने अचानक ठळक झाली आणि चिडचिड, भूकमोड सोबत आली, तर ती बहुधा सोडण्याची लक्षणे समजावीत. ती पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात. झोपेची तक्रार मात्र महिनाभर किंवा जास्तही रेंगाळू शकते.

रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन करून पाहिले, तेव्हा चारेक आठवड्यांच्या संयमानंतर हे ग्राही बहुतांश भागांत पूर्ववत झालेले आढळले.