‘सर्व गृहीतके तपासली’ म्हणजे नेमके काय केले?

‘माहितीच्या विश्लेषणासाठी बहुचल रिग्रेशनचा वापर केला. रिग्रेशनची सर्व गृहीतके तपासण्यात आली. विश्लेषण संगणकप्रणालीच्या साहाय्याने केले.’ प्रबंधाच्या संशोधनपद्धतीच्या प्रकरणात अशी तीन वाक्ये वारंवार भेटतात. चूक यात काहीच सापडत नाही, पण हाती काही लागतही नाही. हा परिच्छेद वाचून दुसऱ्या कुणी तीच माहिती घेतली आणि तेच आकडे काढायचे म्हटले, तर त्याला पहिल्याच पायरीवर थांबावे लागेल. हा परिच्छेद असतो त्या दुसऱ्या माणसासाठी.

त्यात काय असायला हवे, हे एका उदाहरणावर पाहू. ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली कुणीही उतरवून घेतली की तिच्यासोबत `mtcars` नावाचा एक छोटा तक्ता येतो. अमेरिकेतल्या ‘मोटर ट्रेंड’ मासिकाच्या १९७४ सालच्या अंकांतून घेतलेली ३२ गाड्यांची ही माहिती आहे. समजा, गाडीचे वजन आणि इंजिनाची ताकद यांचा मायलेजशी काय संबंध आहे, हा आपला प्रश्न.

आधी चल. मायलेज हे आश्रयी चल, वजन आणि अश्वशक्ती ही स्वाश्रयी चले. पण एवढ्याने भागत नाही, एकके लिहावीच लागतात. इथे मायलेज ‘एका अमेरिकी गॅलनला किती मैल’ असे मोजले आहे आणि वजन हजार पौंडांत, म्हणजे सुमारे ४५४ किलोच्या टप्प्यांत आहे. रिग्रेशनमध्ये वजनाचा गुणक उणे ३.८८ येतो. एकक लिहिले नसेल तर हा आकडा एका किलोमागे आहे की अर्ध्या टनामागे, हे वाचणाऱ्याने ओळखायचे कसे? तक्त्यात एकूण ११ चले आहेत. त्यांतली हीच दोन का घेतली, हेही सांगायला हवे. सगळी चले टाकून पाहिली आणि ज्यांचे पी-मूल्य बरे आले ती ठेवली, असे झाले असेल तर तसेच लिहावे, कारण त्याने पुढच्या प्रत्येक पी-मूल्याचा अर्थ बदलतो.

आता गृहीतकांकडे येऊ. सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘माहिती प्रसामान्य वितरणात आहे का, हे शापिरो-विल्क चाचणीने तपासले’ असे लिहिणारा विद्यार्थी बहुतेक वेळा आश्रयी चलावर, म्हणजे मायलेजच्या ३२ आकड्यांवर ती चाचणी लावतो. पण रिग्रेशन तसे काही गृहीत धरतच नाही. त्याचे गृहीतक आहे ते अवशेषांबद्दल, म्हणजे प्रत्येक गाडीचे खरे मायलेज आणि समीकरणाने सांगितलेले मायलेज यांतल्या फरकांबद्दल. दोन्हीवर चाचणी लावून पाहा:

```
m1 <- lm(mpg ~ wt + hp, data = mtcars)
shapiro.test(mtcars$mpg)
shapiro.test(residuals(m1))
plot(m1, which = 1)
```

मायलेजवर पी-मूल्य ०.१२ येते. म्हणजे चुकीच्या जागी तपासणाऱ्याने निर्धास्तपणे ‘गृहीतक पूर्ण झाले’ असे लिहिले असते. अवशेषांवर तेच ०.०३४ येते. नेहमीच्या ०.०५ च्या रेषेखाली. एकाच माहितीवर, एकाच चाचणीने दोन उलट उत्तरे मिळतात, आणि कामाचे उत्तर दुसरे आहे.

तरीही या पी-मूल्यावर थांबू नये. काहीतरी बिनसले आहे एवढेच ते सांगते, काय बिनसले ते सांगत नाही. त्यासाठी शेवटच्या ओळीने निघणारा आलेख पाहायचा. त्यात आडव्या अक्षावर समीकरणाने सांगितलेले मायलेज असते आणि उभ्यावर अवशेष. टोयोटा कोरोला आणि फियाट १२८ या हलक्या गाड्या समीकरणाच्या अंदाजापेक्षा जवळजवळ सहा मैल जास्त देतात. क्रायस्लर इम्पीरियल ही सर्वात जड गाड्यांपैकी एक, तीही साडेपाच मैल जास्त देते. मधल्या वजनाच्या एएमसी जॅव्हलिनला मात्र जवळजवळ चार मैल कमी पडतात आणि माझदा आरएक्स४ ला अडीच. दोन्ही टोके वर आणि मधला भाग खाली, हे वक्रतेचे लक्षण आहे. म्हणजे मोडले ते मुळात सरळ रेषेचे गृहीतक. अवशेषांची प्रसामान्यता त्यामागून बिघडली.

कारण समजायला सोपे आहे. वजनदार, ताकदवान इंजिनाची गाडी आधीच दहा-पंधरा मैलांवर आलेली असते. तिच्यावर आणखी हजार पौंड चढवले तरी मायलेज उतरायला जागा किती उरणार? म्हणून वजन आणि अश्वशक्ती यांच्या गुणाकाराचे पद समीकरणात घातले. तेव्हा १०० अश्वशक्तीच्या गाडीला हजार पौंडांमागे सुमारे ५.४ मैलांचा फटका बसतो आणि २०० अश्वशक्तीच्या गाडीला सुमारे २.६ मैलांचा. क्रायस्लरचा अवशेष साडेपाचांवरून सव्वादोनच्या आसपास येतो. फियाटचा मात्र अजूनही साडेचार राहतो, म्हणजे सगळेच सुटले असे नाही. हे पद आलेख पाहिल्यावर घातले, आधीपासून ठरवलेले नव्हते. माझ्या मते परिच्छेदातले सर्वात मोलाचे वाक्य हेच, आणि बहुतेक प्रबंधांतून तेच गळते.

बाकीच्या दोन तपासण्या इथे लवकर उरकतात. वजन आणि अश्वशक्ती यांच्यात ०.६६ सहसंबंध आहे, पण पहिल्या प्रारूपात त्यांचा व्हीआयएफ १.७७, म्हणजे काळजीचे कारण नाही. गुणाकाराचे पद आले की तो फुगतो, म्हणून दोन्ही चलांतून आधी त्यांची सरासरी वजा करतात. अवशेषांचा पसारा सगळीकडे सारखा आहे का, यासाठीच्या ब्रॉइश-पेगन चाचणीचे पी-मूल्य ०.६४ आले. ३२ नोंदींवर ही चाचणी फारशी धारदार नसते, म्हणून आलेख सोबत द्यावा.

एक गृहीतक मात्र चाचणीपेक्षा माहिती कशी गोळा झाली यावरून पारखावे लागते, ते म्हणजे नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र असणे. ३२ पैकी सात गाड्या मर्सिडीजच्या आहेत. त्यांतल्या २८० आणि २८०सी यांचे वजन आणि अश्वशक्ती अगदी तंतोतंत एक आहे. यांना सात वेगळे साक्षीदार मानणे कठीण आहे.

आता तो परिच्छेद असा लिहिता येईल:

‘मायलेज (मैल प्रति अमेरिकी गॅलन) हे आश्रयी चल आणि वजन (हजार पौंड) व अश्वशक्ती ही स्वाश्रयी चले घेऊन सामान्य लघुतम वर्ग पद्धतीने बहुचल रेषीय रिग्रेशन केले (३२ गाड्या, एकही नोंद वगळलेली नाही). ही दोन चले संशोधनप्रश्नानुसार आधीच निश्चित केली होती. पहिल्या प्रारूपाच्या अवशेष-आलेखात वक्रता दिसली आणि अवशेषांवरील शापिरो-विल्क चाचणीनेही विचलन दाखवले (पी = ०.०३४). त्यामुळे दोन्ही चलांतून सरासरी वजा करून त्यांच्या गुणाकाराचे पद जोडले. हा निर्णय माहिती पाहिल्यानंतरचा आहे, म्हणून दोन्ही प्रारूपांचे निष्कर्ष पुढील प्रकरणात दिले आहेत. समविचरणासाठी ब्रॉइश-पेगन चाचणी आणि बहुसंरेखतेसाठी व्हीआयएफ वापरला. सर्व तपासण्या दुसऱ्या प्रारूपावर पुन्हा केल्या. एकाच उत्पादकाच्या अनेक गाड्या असल्याने नोंदींचे स्वातंत्र्य पूर्णपणे मानता येत नाही. विश्लेषण आर, आवृत्ती ४.३.१ मध्ये `car` आणि `lmtest` या पॅकेजांसह केले. सार्थकतेची पातळी ०.०५ ठेवली.’

आवृत्तीचा आकडा स्मरणाने लिहू नये. `sessionInfo()` ही आज्ञा दिली की आर आणि वापरलेल्या प्रत्येक पॅकेजची आवृत्ती पडद्यावर येते. विश्लेषण संपले त्याच दिवशी ती उतरवून ठेवावी, कारण तोंडी परीक्षेपर्यंत संगणकावरच्या आवृत्त्या बदललेल्या असू शकतात.