एका गिऱ्हाइकाची किंमत

ठाणे–भिवंडी मार्गावरील पूर्णा परिसरात आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर माल उतरवून ठेवण्याची सोय, हे त्या वाढीमागील एक मोठे कारण होते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकात संपली. तरी गोदामे राहिली, कारण मुंबई, ठाणे आणि नाशिकचा बाजार येथून सारखाच हाताशी आहे. मात्र एकाच प्रकारचा माल शेजारशेजारच्या गाळ्यांत असला की नवे गिऱ्हाईक मिळविण्यासाठी ओढाताण होते. सवलत, नमुने, फिरता विक्रेता यांवर पैसा जातो. तो किती जावा, याचे उत्तर आपल्याच वहीत असते.

उदाहरणासाठी पूर्णा येथील घरगुती प्लास्टिक वस्तूंचा एक घाऊक व्यापारी घेऊ. आकडे कल्पित आहेत. वाचकांनी त्या जागी आपले घालावेत. मुरबाडचा एक दुकानदार त्याच्याकडून दरमहा 40,000 रुपयांचा माल उचलतो. खरेदी-विक्रीतील फरक 12 टक्के, म्हणजे 4,800 रुपये. त्यातून हमाली, टेम्पोभाडे आणि दलालीचे 1,600 वजा होतात. उधारी दोन महिन्यांची असल्याने 80,000 रुपये सदैव बाहेर असतात. वार्षिक 12 टक्क्यांनी त्यांचे महिन्याचे व्याज 800 होते. बुडीत उधारीसाठी 400 बाजूला काढले की हाती 2,000 उरतात. वर्षाचे 24,000. बहुतेकजण 4,800 हाच नफा धरतात आणि तेथेच हिशेब फसतो.

हे गिऱ्हाईक किती वर्षे टिकेल? दोन दिवाळ्यांच्या वह्या शेजारी ठेवाव्यात. मागील वर्षीच्या 50 नियमित दुकानदारांपैकी 40 जण यंदाही माल घेत असतील, तर टिकण्याचे प्रमाण 80 टक्के. याचा अर्थ पहिल्या वर्षी 24,000 मिळाले, तर दुसऱ्या वर्षी सरासरीने 19,200 धरावे लागतात. शिवाय ते वर्षभराने मिळणार असल्यामुळे 12 टक्के व्याजाने त्यांची आजची किंमत सुमारे 17,100 होते. तिसऱ्या वर्षाचे 12,200, चौथ्याचे 8,700. असे घटत जाणारे सारे आकडे मिळविले की बेरीज 84,000 रुपयांवर स्थिरावते. ही त्या एका दुकानदाराची आजची किंमत.

आता दुसरी बाजू. फिरत्या विक्रेत्याचा महिन्याचा पगार व प्रवास 30,000, नमुने 4,000. त्याने 20 दुकाने पालथी घातली, चौघांनी पहिली मागणी दिली आणि प्रत्येकाला 1,500 रुपयांची सवलत मिळाली. एकूण खर्च 40,000. पुढे नियमित झाले दोघेच. म्हणून एका गिऱ्हाइकाची किंमत 10,000 नव्हे, तर 20,000 पडली. भागाकार पहिल्या मागणीने नव्हे, टिकलेल्यांच्या संख्येने करावयाचा असतो. दरमहा 2,000 प्रमाणे हा खर्च दहा महिन्यांत वसूल होतो.

मग 84,000 मिळणार म्हणून 60,000 खर्चावेत काय? तसे केल्यास वसुलीलाच अडीच वर्षे लागतील, आणि तोवर कित्येक दुकानदार निघून गेलेले असतील. वर्षभरात सुटेल एवढाच, म्हणजे येथे 24,000 पर्यंतचा खर्च, ही सावध मर्यादा होय. त्यातही भांडवल पाहावे. असे दहा दुकानदार जोडायचे तर मिळविण्याचे 2 लाख आणि उधारीत अडकणारे 8 लाख, असे 10 लाख हाताशी हवेत. कागदावर नफा असूनही पेढीची रोकड आटते ती याच वाटेने.

दोन चुका विशेष घातक ठरतात. पहिली उधारीची. तोच दुकानदार दोनऐवजी चार महिन्यांनी पैसे देऊ लागला, तर व्याज 1,600 होते, महिन्याची शिल्लक 1,200 वर येते आणि त्याची एकूण किंमत 84,000 वरून 50,400 होते. विक्री मात्र तेवढीच दिसते. म्हणून येणे किती दिवसांचे आहे, हे दरमहा तपासावे. दुसरी चूक, जुन्यांचे प्रमाण नव्यांना लावण्याची. वर्षानुवर्षे टिकलेले दुकानदार सरासरी उंचावतात. सवलतीच्या ओढीने आलेला दुसरीकडे सवलत दिसताच जातो. नव्यांपैकी शंभरात साठच टिकत असतील, तर त्या प्रत्येकाची किंमत 51,700 च्या आसपास राहते. यास्तव प्रत्येक वर्षी आलेल्यांचे पान वेगळे ठेवावे.

येत्या दिवाळीत नवी वही उघडण्यापूर्वी जुन्या वहीतील दहा नावे घेऊन हा हिशेब मांडावा. कोणासाठी आणखी एक फेरी मारावी आणि कोणाची उधारी आवरावी, हे त्या दहा ओळींतच दिसू लागेल.