दशांश चिन्हाशिवाय तापमान

पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत हमखास दिसणाऱ्या आर्डुइनो उनो या बोर्डावर एटमेगा३२८पी नावाची ८ बिटांची चिप असते. पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार ती झटपट करते. पण २५.९ सारख्या संख्येचा हिशेब करणारे सर्किट तिच्यात नाही. प्रोग्रॅममध्ये `float` लिहिले तर उत्तर बरोबर येते, कारण कंपायलर त्यासाठी तयार उपप्रोग्रॅम जोडून देतो. मात्र मग एका साध्या गुणाकारासाठी चिपला कित्येक डझन सूचना पाळाव्या लागतात, आणि ते उपप्रोग्रॅम मेमरीतही जागा खातात. उनोच्या ३२ किलोबाइटांत ते सामावतात. अवघ्या १ किलोबाइटच्या एटटाइनी१३ मध्ये त्यांची फार अडचण होते.

यावरचा उपाय म्हणजे फिक्स्ड पॉइंट. दुकानदाराने १२ रुपये ५० पैसे न लिहिता १२५० पैसे लिहावेत, तसा हा प्रकार आहे. दशांश चिन्ह कुठे आहे हे आपल्याला माहीत असते, चिपला फक्त पूर्णांक दिसतो. तापमान अंशात न ठेवता दशांश अंशात ठेवले, की २५.९ अंशांचे २५९ होतात.

एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर घेऊ. तो दर अंश सेल्सियसला १० मिलिव्होल्ट देतो. उनो हा व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत मोजते. ५ व्होल्टचे १०२४ भाग केल्यामुळे एक भाग ४.८८ मिलिव्होल्टचा होतो. म्हणून दशांश अंशातले तापमान म्हणजे वाचलेला आकडा गुणिले ५०००, भागिले १०२४. दोन्ही संख्यांना ८ ने भागले की उरते ६२५ आणि १२८. हे सोपे रूप दुहेरी फायद्याचे आहे: मधला गुणाकार लहान राहतो, आणि १२८ हा २ चा घात असल्याने भागाकाराऐवजी नुसते बिट सरकवून काम भागते. सेन्सरने ६१ दिले, तर ६१ × ६२५ = ३८१२५, आणि त्याला १२८ ने भागून २९७.८५. म्हणजे तापमान साधारण २९.८ अंश.

क्रम मात्र उलटा चालत नाही. आधी ६१ ला १२८ ने भागले तर पूर्णांकांच्या हिशेबात शून्यच हाती येते. म्हणून आधी गुणाकार, मग भागाकार.

खरी फसगत इथेच होते. उनोवर साधा `int` १६ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त ३२७६७ मावतात. आकडा ५२ असताना गुणाकार ३२५०० होतो आणि पडद्यावर २५.३ दिसते. आकडा ५३ झाला की गुणाकार ३३१२५ वर जातो आणि प्रत्यक्षात बहुधा उलटून उणे ३२४११ होतो. मग पडद्यावर थेट उणे २५.३ अंश! थंड खोलीत चाचणी केली तर हा दोष दिसतच नाही. तापमान २६ च्या जवळ गेले की उघड होतो. वाचन वाढता वाढता एकदम उणे झाले, तर संशय सेन्सरवर नको, गुणाकारावर घ्यावा.

```c
int32_t t = ((int32_t)adc * 625 + 64) / 128;
Serial.print(t / 10);
Serial.print('.');
Serial.print(t % 10);
```

इथे `adc` ला गुणाकाराच्या आधीच ३२ बिटांचे केले आहे. `(int32_t)(adc * 625)` असे लिहिले, तर आकडा आधी बिघडतो आणि मग मोठ्या जागेत जातो. मिळवलेले ६४ म्हणजे १२८ चे निम्मे. ते नसेल तर उरलेला भाग गळून २९७ येतात. ते असले की योग्य पूर्णांकन होऊन २९८. छापण्याची ही रीत शून्यावरच्या तापमानासाठी आहे. उणे ५ दशांशांना ती `0.-5` छापेल. तिथे उणे चिन्ह वेगळे हाताळावे लागते.

हिशेब कितीही नेटका असला तरी मोजमाप त्याने सूक्ष्म होत नाही. इथे एका पायरीला तापमान जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलते, त्यामुळे २५.४ नंतर थेट २५.९ येते, मधले आकडे दिसणारच नाहीत. ते हवे असतील तर चिपमधला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरून पायरी ०.११ अंशापर्यंत आणता येते, पण मग साधारण ११० अंशांपलीकडे मोजता येत नाही.

सेकंदाला एकदाच तापमान दाखवायचे असेल आणि मेमरी पुरेशी असेल, तर `float` खुशाल वापरावा. वाचने वेगाने येत असतील किंवा चिप फार लहान असेल, तर फिक्स्ड पॉइंट निवडावा. मात्र सेन्सरचा सर्वात मोठा आकडा किती, आणि गुणाकारानंतर तो किती होईल, हे प्रोग्रॅम लिहिण्याआधी कागदावर मांडून पाहावे.