रब्बी मोशेचे पथ्य

ईश्वराचे वर्णन करता येत नाही असे कोणी म्हटले, की आपण मराठी वाचक लगेच मान डोलावतो. ‘नेति नेति’ आपल्या घरचे, आणि ‘निर्गुण’ तर भजनातूनच कानावर पडलेले. मग पश्चिमेकडचा नकारात्मक ईश्वरविचार समोर आला, की ‘हे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून आपण पुस्तक मिटतो. या परंपरेतल्या एका माणसाने मात्र मला कित्येक वर्षे धरून ठेवले आहे, कारण त्याच्या नकारात गूढ, धूसर असे काहीच नाही. पेशाने तो वैद्य होता आणि नकारही त्याने पथ्यासारखा सांगितला: कोणते शब्द चालतील, कोणते वर्ज्य आणि का.

हा मोशे बेन मैमोन, युरोपचा मायमोनिडीज. जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, मृत्यू १२०४ मध्ये इजिप्तमधल्या फुस्तातचा. ‘गोंधळलेल्यांचा मार्गदर्शक’ हा त्याचा ग्रंथ ११९० च्या सुमारास पुरा झाला. भाषा अरबी, लिपी हिब्रू. पहिल्या भागातली ५० ते ६० ही प्रकरणे आपल्या कामाची.

त्याचा मुद्दा असा. ‘ईश्वर ज्ञानी आहे’ म्हटले, की एक ईश्वर आणि त्याला चिकटलेले एक ज्ञान अशा दोन गोष्टी होतात. ‘समर्थ’ म्हटले की तिसरी आली. जो एक आहे असे रोज दोनदा म्हणायचे, त्याची आपणच मोळी बांधतो. आपले ज्ञान मोठे करत नेले की ईश्वराचे ज्ञान होईल, हेही त्याला मान्य नाही. दोन्हींत शब्दापलीकडे काही समान नाही, असे तो ठणकावून सांगतो.

मग बोलायचे तरी काय? दोनच प्रकारची विधाने तो चालवून घेतो. एक, ईश्वराच्या कृतींविषयी. ‘दयाळू’ म्हणजे त्याच्या ठायी दयेची भावना आहे असे नव्हे; माणसाच्या हातून जी कामे दयेपोटी होतात, तशी कामे सृष्टीत दिसतात, एवढेच. गर्भातल्या जिवाची जी तजवीज झालेली असते, तिचे उदाहरण तो देतो. दुसरा प्रकार नकाराचा. ‘ज्ञानी’ याचा अर्थ ‘अज्ञानी नाही’. हा नकारही साधा नाही. भिंतीला दिसत नाही असे आपण म्हणतो, पण म्हणून कोणी भिंतीला आंधळी म्हणत नाही. दिसण्या-न दिसण्याचा प्रश्नच तिथे लागू नाही. ईश्वराबाबतचा नकार या जातीचा.

साठाव्या प्रकरणात तो जहाजाचे उदाहरण घेतो. जहाज नावाचे काही आहे एवढेच एका माणसाला कळले आहे; ते वस्तू आहे की वस्तूचा गुण, हेही ठाऊक नाही. दुसऱ्याला कळते, की तो गुण नव्हे. तिसऱ्याला कळते, ते खनिज नव्हे. पुढच्याला कळते, प्राणी नव्हे. त्याच्या पुढच्याला, जमिनीत रुजलेली वनस्पती नव्हे. मग कळते, की ते निसर्गतः एकसंध असे एक शरीर नव्हे. नंतर आकाराची पाळी: फळी किंवा दार असते तसे सपाट नव्हे, गोल नव्हे, टोकदार नव्हे. शेवटच्याला कळते, की ते भरीवही नव्हे. एकाही होकाराशिवाय हा शेवटचा माणूस जहाजाच्या अगदी जवळ पोचला. प्रत्येक नकार पुराव्याने मिळवायचा असतो, ही यातली अट. नुसते ‘ईश्वर निराकार’ असे तोंडाने म्हणणाऱ्याला तो काही जमेस धरत नाही. निराकार का, हे ज्याने सिद्ध करून पाहिले तो एक पायरी पुढे गेला.

उदाहरण जहाजाचेच का, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्याचा धाकटा भाऊ दावीद व्यापारी होता आणि घर त्याच्या कमाईवर चाले. कैरोच्या गेनिझात, म्हणजे सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठडीत, दावीदने मोशेला लिहिलेले एक पत्र सापडले. ते आता केंब्रिजला आहे. तांबड्या समुद्रावरच्या ऐधाब बंदरातून लिहिलेले. काफिल्यापासून वेगळा होऊन एकाच सोबत्यासह त्याने वाळवंट ओलांडले होते. मागून आलेला काफिला लुटला गेला होता, त्यातले काही तहानेने मेले होते. बंदरात पोचून पाहतो तो घेण्याजोगा माल नाही, फक्त नीळ. तेव्हा आता हिंदुस्थानला निघतो, असे तो कळवतो आणि बायकोला धीर द्यायला सांगतो. दावीद हिंदी महासागरात बुडाला. पैसा गेला, मागे विधवा आणि लहान मुलगी उरली. मोशे सुमारे वर्षभर अंथरुणाला खिळून होता. आठेक वर्षांनी अक्कोच्या एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रातही तो सावरलेला दिसत नाही. तरीही जहाजाचा दृष्टांत आणि हे दुःख यांची गाठ मारायला मी तयार नाही. ग्रंथात तसा एक शब्द नाही.

जाता जाता एक: उतारवयात फ्रान्समधल्या ल्युनेलच्या विद्वानांना लिहिताना तो हिंदुस्थानातल्या यहुद्यांचा उल्लेख करतो. त्यांना धर्मग्रंथ माहीत नाही. ते शब्बाथ पाळतात आणि आठव्या दिवशी सुंता करतात, एवढेच. आपल्याकडचे बेने इस्रायल, कोकणातले शनवार तेली, चटकन आठवतात. नाव मात्र तो कोणाचेच देत नाही.

त्याचा खरा राग प्रार्थनेतल्या शब्दबंबाळपणावर आहे. तालमूदमधली गोष्ट तो सांगतो. रब्बी हनिनांसमोर एकाने प्रार्थनेत ईश्वरामागे विशेषणांची रांग लावली. हनिनांनी त्याला संपवू दिले आणि विचारले, झाली का तुझ्या मालकाची सगळी स्तुती? परंपरेने ठरवून दिलेली तीन विशेषणेसुद्धा प्रेषित मोशेने तोराहमध्ये उच्चारली नसती, तर आपल्याला म्हणवली नसती. लाखो सोन्याची नाणी असलेल्या राजाची चांदीच्या नाण्यांबद्दल स्तुती करावी, तसे हे. मायमोनिडीज इथे बारकाईने बोट ठेवतो: सोन्याची नाणी कमी मोजली असे हनिना म्हणत नाहीत; नाण्याची जातच चुकली असे म्हणतात. आपल्या सहस्रनामांपुढे हनिनांनी काय केले असते कोण जाणे.

वाद पुढे पेटला. थॉमस अक्वायनसने ‘रब्बी मोशे’ असा नावाने उल्लेख करून हरकत घेतली. ईश्वराला ‘जिवंत’ म्हणणाऱ्याला ‘तो निर्जीव नाही’ एवढेच म्हणायचे नसते. आणि ‘ईश्वर चांगला’ याचा अर्थ ‘चांगल्या गोष्टींचे कारण’ इतकाच असेल, तर तो शरीरांचेही कारण आहे. मग त्याला शरीर का म्हणू नये? पण मर्मावर घाव घातला तो स्वकीयाने. दक्षिण फ्रान्समधल्या लेवी बेन गेर्शोमने, म्हणजे जर्सोनिडीजने, १३२९ मध्ये पुरा केलेल्या ‘ईश्वराची युद्धे’ या ग्रंथात विचारले: ईश्वराच्या बाबतीत शब्दाचा अर्थ पूर्णपणे वेगळा होत असेल, तर ‘ईश्वराला शरीर आहे’ हेही का चालू नये? शरीर या शब्दाचाही तिथे काही वेगळाच अर्थ असेल! आणि तेही अमान्य असेल, तर ‘शरीर’ नाकारताना तुम्ही शब्दाचा आपला नेहमीचाच अर्थ वापरता आहात. म्हणजे अर्थाचा धागा कुठेतरी शाबूत आहे. जर्सोनिडीजच्या मते ज्ञान हा शब्द ईश्वराला आधी आणि पूर्णत्वाने लागतो, आपल्याला मागाहून आणि उणा.

माझ्या मते हा घाव वर्मी बसतो. जहाजाचा दृष्टांतही त्यापुढे टिकत नाही. तिथे शेवटी लाकडाची पोकळ, जोडलेली वस्तू हाती लागते, कारण जगातल्या वस्तूंचे प्रकार मोजके आहेत आणि जहाज त्यांतलाच एक. जे कोणत्याच प्रकारात बसत नाही, त्याच्यापर्यंत नकारांची रांग कशी पोचणार? मायमोनिडीजची कृतीविषयक विधाने मात्र या हल्ल्यातून बरीचशी सुटतात, आणि रोजच्या प्रार्थनेला आधार द्यायला तीच उपयोगी आहेत.

श्लोमो पाइन्सचे १९६३ चे इंग्रजी भाषांतर अवघड आहे, पण चोख आहे. वाचणाऱ्याने साठावे प्रकरण आधी घ्यावे, मग एकोणसाठावे, आणि त्यानंतरच पन्नासाव्याकडे वळावे.